गाईड सरांचा मेल: प्रबंधातील चार विभागांवर ‘यंत्रनिर्मित’ असा शेरा आला आहे, स्पष्टीकरण कसे द्यावे?

गुऱ्हाळवाट (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी कोल्हापूरची असून अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गुऱ्हाळघरे का बंद पडत आहेत, हा माझा विषय. तीन हंगामांत मी ४१ गुऱ्हाळघरांवर जाऊन बसले, चार वह्या भरल्या आणि गेल्या महिन्यात प्रबंधाचा पूर्ण मसुदा तपासणीसाठी ग्रंथालयाकडे दिला. बारावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. प्रबंध मात्र इंग्रजीत आहे.

काल दुपारी गाईड सरांचा मेल आला. तो इंग्रजीत आहे, त्याचा आशय जसाच्या तसा मराठीत देते: “अहवालात साम्याचे प्रमाण ७ टक्के आहे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. मात्र अहवालाच्या दुसऱ्या भागात ३८ टक्के मजकूर यंत्रनिर्मित असल्याचे दाखवले असून विभाग २.३, २.४, ३.२ आणि ५.१ रंगवलेले आहेत. हे चारही विभाग कसे लिहिले गेले, ते प्रत्येकाबद्दल स्वतंत्रपणे लिहून पुढील सोमवारपर्यंत कळवावे. तोपर्यंत मी प्रमाणपत्रावर सही करू शकत नाही.”

सर पाच वर्षांत माझ्याशी एकदाही असे कोरडे बोललेले नाहीत. मेल वाचल्यापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. प्रबंध माझा आहे, वह्या माझ्या आहेत, आणि सगळे मीच लिहिले आहे. हे सिद्ध कसे करायचे, ते कृपया जाणत्यांनी सांगावे.

आकडेमोड (मंगळवार, रात्री १०.१५)

ताई, अजिबात घाबरू नका आणि स्पष्टीकरणही देऊ नका. ही ओळखयंत्रे निकामी आहेत, हे केव्हाच सिद्ध झाले आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध सात ओळखयंत्रांना दिले, तेव्हा माणसांनीच लिहिलेले ते निबंध सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले गेले. खुद्द ओपनएआयने आपले ओळखयंत्र त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून मागे घेतले. आपण मराठी माध्यमातले, आपले इंग्रजी साधे आणि साचेबद्ध असते, म्हणून आपण पकडले जातो. हे दोन मुद्दे लिहून पाठवा आणि आरोप मागे घेण्याची मागणी करा.

शाहूपुरी_पेठ (मंगळवार, रात्री १०.५०)

माझ्या बाबतीत हेच झाले होते, म्हणून अनुभव सांगतो. माझा अहवाल ३४ टक्के आला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत माफ आहे आणि १० ते ४० टक्क्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करावे लागते. मी सिद्धान्ताच्या प्रकरणातील उतारे अवतरणचिन्हांत घातले, संदर्भ दिले, पुन्हा तपासले आणि ८ टक्के आले. तुमचे ३८ आहे, म्हणजे तुम्हीही पहिल्याच पातळीत बसता. सहा महिने जातील, पण नोंदणी रद्द होणार नाही. ४० च्या वर गेले असते तर एक वर्ष थांबावे लागले असते.

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ७.२०)

मी निवृत्त प्राध्यापक आहे. पंधरा-सोळा विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन केले आहे आणि विभागीय सचोटी समितीवर काही वर्षे बसलो आहे. वरील दोन्ही उत्तरांत बरोबर गोष्टी आहेत, पण ताईंनी त्यांच्या आधारे मेल पाठवला तर प्रकरण बिघडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

पेठकर, तुम्ही सांगितलेल्या पातळ्या साम्यासाठी आहेत. साम्य म्हणजे तुमचा मजकूर आधीच छापलेल्या कुठल्या तरी मजकुराशी शब्दश: जुळतो, तिथे मूळ स्रोत शेजारी दाखवता येतो. ताईंचे साम्य ७ आहे, म्हणजे त्या नियमाच्या दृष्टीने त्यांना काहीच लागत नाही. ३८ हा आकडा निराळ्या मोजमापाचा आहे आणि २०१८ च्या नियमांत त्याच्यासाठी एकही पातळी नाही. तो त्या तक्त्यात बसवणे म्हणजे शेरात मोजलेले दूध किलोच्या भावाने विकण्यासारखे आहे. शिवाय ३८ टक्के म्हणजे ‘यंत्राने लिहिल्याची ३८ टक्के शक्यता’ असेही नव्हे. सलग गद्यातील जितकी वाक्ये त्या सॉफ्टवेअरला यंत्राची वाटली, त्यांचे ते प्रमाण असते. सारण्या, याद्या आणि संदर्भसूची त्यात धरलेल्या नसतात.

आकडेमोड, तो अभ्यास मी वाचला आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. मात्र ते निबंध लहान होते आणि बरीच विद्यापीठे वापरतात ते टर्निटिन त्या सात यंत्रांत नव्हते. त्या कंपनीचा दावा संपूर्ण दस्तऐवजाच्या पातळीवर एक टक्क्यापेक्षा कमी चुकांचा आहे, तर एकेका वाक्याच्या पातळीवर सुमारे चार टक्क्यांचा. दावा कंपनीचाच आहे, त्यामुळे तो जपूनच घ्यावा. पण ‘सगळी यंत्रे निकामी’ हे विधानही टिकत नाही. उपयोगाची गोष्ट अशी, की हा आकडा एकट्याने विद्यार्थ्याविरुद्ध कारवाईचा आधार करू नये, असे कंपनी स्वतःच सांगते.

आता मुख्य मुद्दा. सरांचा मेल आरोपपत्र नाही. त्याच २०१८ च्या नियमांनी मार्गदर्शकावर प्रमाणपत्राची जबाबदारी टाकलेली आहे. सही करणाऱ्याने आधी विचारले नाही, तर पुढे तोच अडकतो. त्यांनी ‘प्रत्येक विभागाबद्दल स्वतंत्रपणे’ असे लिहिले आहे, तो शब्द त्यांनी विचारपूर्वक वापरला असणार. मी समितीवर असताना ‘सगळे मीच लिहिले आहे’ हे वाक्य ज्या उत्तरात असे, ते उत्तर आम्ही बाजूला ठेवून मुलाला बोलावून घेत असू, कारण त्या वाक्यातून काहीच कळत नाही. म्हणून ताई, चार विभाग चार कागदांवर घ्या आणि प्रत्येकाखाली लिहा: पहिला मसुदा कधी, कोणत्या भाषेत, कशावर लिहिला, त्यानंतर त्याला कोणकोणत्या साधनांचा हात लागला, आणि आज त्यातले काय दाखवता येते. हे आधी स्वतःसाठी लिहा, सरांसाठी नंतर.

राधानगरी_रोड (बुधवार, सकाळी ९.०५)

इतकी झंझट कशाला? वाक्ये ‘माणसाळवून’ देणारी साधने मिळतात, दोन-तीनशे रुपयांत काम होते. चारही विभाग त्यातून काढा, पुन्हा तपासणी करून घ्या, शून्य आले की नवा अहवाल सरांना पाठवा. माझ्या ओळखीतल्या दोघांनी असेच केले.

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ९.३०)

कृपया असे काही करू नका. प्रश्न विचारल्यानंतर मजकूर बदलणे म्हणजे पंचनाम्याआधी जागा पुसून काढणे. आज ताईंच्या बाजूने जो पुरावा आहे, तो जुन्या फाईलमध्येच आहे. शिवाय टर्निटिनच्या अहवालात ‘यंत्राने लिहून यंत्रानेच शब्दांतर केलेला’ मजकूर वेगळ्या रंगात दाखवण्याची सोय आलेली आहे. आज जिथे केवळ शंका आहे, तिथे उद्या लपवाछपवी दिसेल.

गुऱ्हाळवाट (बुधवार, रात्री ११.३०)

कृष्णाकाठ सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार कागद घेऊन बसले. ‘सगळे मीच लिहिले’ असे मी काल लिहिले होते, ते पूर्ण खरे नाही, हे मला आज संध्याकाळी कळले. लिहायला अवघड जाते आहे, पण लिहिते.

३.२ हा संशोधन पद्धतीचा विभाग मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजीतच लिहिला होता. तो सरांना मेलने पाठवला होता आणि त्यांनी लाल अक्षरांत दुरुस्त करून परत केला होता. त्यानंतर त्यात दोन आकडे सोडून काही बदललेले नाही. तो यंत्राचा कसा ठरला, हे मला खरोखर समजत नाही.

२.३ म्हणजे कोल्हापुरातील गूळ व्यापाराचा इतिहास. शाहूपुरीची बाजारपेठ, अडत, सौदे, अशा सगळ्या गोष्टी मी आधी मराठीत लिहिल्या होत्या. मराठी फाईल माझ्याकडे आहे. तिचे भाषांतर मी मोबाईलवरच्या भाषांतर करणाऱ्या सुविधेतून केले आणि नंतर एका चॅटबॉटला ‘ही भाषा शोधनिबंधासारखी कर’ असे सांगितले.

५.१ हे निष्कर्षांचे पहिले पान. त्याचेही तसेच, वहीतल्या नोंदी मराठीत टाकल्या आणि त्यातून परिच्छेद करून घेतले.

२.४ बद्दल मला लाज वाटते. गूळ उद्योगावरील देशभरातील अभ्यासांचा आढावा मला घेता येत नव्हता, सादरीकरणाची तारीख जवळ आली होती, आणि मी चॅटबॉटला तो आढावा लिहायला सांगितला. त्यातले दोन परिच्छेद थोडेफार बदलून मी तसेच ठेवले. मग मी विसरून गेले. खरेच विसरले होते.

कळफलक (गुरुवार, सकाळी ८.१०)

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे पुराव्याच्या बाजूबद्दल तेवढे सांगतो. ३.२ साठी तुमच्याकडे सर्वांत बळकट गोष्ट आहे, ती म्हणजे २०२२ च्या ऑगस्टमधला मेल. चॅटजीपीटी लोकांसमोर आले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. तुम्ही फाईल पुढे काहीही केली असली तरी मेलचे जोडपत्र मेल कंपनीच्या सर्व्हरवर त्या दिवसाचे आहे आणि ते सरांच्या खात्यातही आहे. ते जोडपत्र उघडून आजच्या ३.२ शी शब्दश: ताडून दाखवा. पद्धतीच्या विभागातील वाक्ये सगळीकडे एकाच साच्यातली असतात (नमुना निवडला, मुलाखती घेतल्या, आकडे तपासले), आणि साचेबद्ध, पुढचा शब्द सहज ओळखता येईल अशा वाक्यांनाच ही यंत्रे हटकतात.

बाकीच्या विभागांसाठी वर्डच्या फाईलमध्ये काही खुणा असतात. docx ही मुळात झिप केलेली पिशवी असते. फाईलची प्रत काढून तिचे नाव `.zip` करा, ती उघडा, की आत `docProps/core.xml` दिसेल. त्यात फाईल केव्हा तयार झाली आणि किती वेळा जतन झाली ते असते. शेजारच्या `app.xml` मध्ये `TotalTime` या नावाखाली ती किती मिनिटे संपादनात होती, ते मिळते. लिनक्स किंवा मॅकवर असाल तर एका ओळीत होते:

```
unzip -p prakaran2.docx docProps/app.xml
```

मूळ फाईलला हात लावू नका, नुसती उघडून जतन केली तरी तारखा बदलतात.

आकडेमोड (गुरुवार, सकाळी ८.४५)

मग झाले की! मिनिटे जास्त निघाली तर हातानेच लिहिल्याचे सिद्ध झाले.

कळफलक (गुरुवार, सकाळी ९.००)

नाही, इतके सरळ नाही. ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने जतन केले की ती मिनिटे पुन्हा शून्यापासून सुरू होतात. उलट फाईल उघडी ठेवून माणूस जेवायला गेला तरी मिनिटे वाढू शकतात. वर्ड प्रत्येक बैठकीला एक खूण देतो आणि त्या बैठकीत आलेल्या मजकुराला ती लावतो. त्यावरून एखादा मोठा परिच्छेद एकाच दमात आला की तुकड्या-तुकड्यांनी, हे पाहता येते. पण दुसऱ्या फाईलमधून स्वतःचाच मजकूर चिकटवला तरी तो एकाच दमात आलेला दिसतो. खुणा आधार देतात, निकाल देत नाहीत. गूगल डॉक्समध्ये लिहिले असेल तर आवृत्तींचा इतिहास त्याहून बराच बोलका असतो, कारण तिथे कोणत्या दिवशी कोणते वाक्य आले आणि गेले, ते पाहता येते.

गुऱ्हाळवाट (गुरुवार, दुपारी २.१०)

२.३ ची मराठी फाईल गूगल डॉक्समध्येच आहे. आत्ता इतिहास उघडून पाहिला. अकरा दिवसांत लिहिलेली दिसते, खोडाखोड दिसते, एके ठिकाणी अडत्याने सांगितलेला भाव मी चुकीचा लिहून नंतर सुधारलेला दिसतो. ते पाहून फार बरे वाटले.

कृष्णाकाठ (गुरुवार, सायंकाळी ६.४०)

ताई, तुम्ही २.४ बद्दल इथे लिहिलेत, हे योग्य केलेत. आता त्या विभागातले संदर्भ एकेक करून तपासा. चॅटबॉटने लिहिलेल्या आढाव्यात खरा धोका तिथे असतो: लेखकाचे नाव ओळखीचे, नियतकालिक खरे, वर्ष पटण्यासारखे, आणि तो लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नसतो. शीर्षक शोधून थांबू नका. DOI असेल तर `https://doi.org/` पुढे तो टाकून पाहा, आणि त्या नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका उघडून त्या पानांवर काय आहे तेही पाहा. लेख सापडला तर तुम्ही त्याच्या नावावर जे विधान घातले आहे, ते त्यात आहे का, हे वाचूनच ठरवा.

आणि ५.१ मधला एक परिच्छेद इथे द्याल का? त्याच्याशेजारी वहीतील मूळ नोंदही द्या.

गुऱ्हाळवाट (गुरुवार, रात्री १०.२०)

वहीतील नोंद अशी आहे, पन्हाळा तालुक्यातील एका गुऱ्हाळावरची: “परतीचा पाऊस लांबला. चिपाड ओलं. तीन दिवस चुलवाण पेटलं नाही. रस पडून. गुळव्या गावाला गेला तो आलाच नाही.”

प्रबंधातील वाक्याचा मराठी अर्थ असा होतो: हवामानातील बदलामुळे इंधनाच्या उपलब्धतेवर प्रतिकूल परिणाम होतो आणि त्यातून कुशल मनुष्यबळाचे स्थलांतर घडते.

कृष्णाकाठ (शुक्रवार, सकाळी ६.५०)

हे दोन उतारे मी सकाळी चहाबरोबर बराच वेळ वाचले. सरांना द्यायचे उत्तर याच दोन उताऱ्यांत आहे, असे मला वाटते.

तुमच्या नोंदीत पाच वाक्ये आहेत आणि त्यांत ‘मुळे’ कुठेही नाही. पाऊस लांबला, चिपाड ओले राहिले, चुलवाण बंद पडले, गुळव्या गेला. यातले पहिले तीन एकमेकांना बांधलेले आहेत, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या कुणालाही पटेल, कारण उसाचा रस काढल्यावर उरलेले चिपाड उन्हात वाळवूनच चुलवाणात घालतात. पण गुळव्या का गेला? पावसामुळे, की घरी लग्न होते म्हणून, की मालकाने उचल दिली नाही म्हणून? तुमची वही ते सांगत नाही. प्रबंधातील वाक्य मात्र सांगते. एका गुऱ्हाळावरची तीन दिवसांची घटना तिथे सर्वकाळ लागू पडणारा नियम झाली, ‘पाऊस’ जाऊन ‘हवामानातील बदल’ आला, एक माणूस जाऊन ‘मनुष्यबळ’ आले आणि न सांगितलेले कारण ‘त्यातून’ या एका शब्दात शिरले.

सॉफ्टवेअरने ते वाक्य रंगवले, ते त्याच्या गुळगुळीतपणामुळे. त्याला तुमचे गुऱ्हाळ माहीत नाही. पण व्हायवाला येणारा बाहेरचा परीक्षक नेमके हेच वाक्य पकडून विचारेल, की बाई, स्थलांतराचा हा निष्कर्ष किती गुऱ्हाळांच्या नोंदींवर उभा आहे? तेव्हा ते वाक्य तुमचे की यंत्राचे हा मुद्दाच राहणार नाही, कारण प्रबंधावर नाव तुमचे असेल.

कळफलक (शुक्रवार, सकाळी ९.४०)

सर, एक मतभेद नोंदवतो. ५.१ आणि २.४ बद्दल तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. पण २.३ मध्ये आशय, क्रम, माहिती सगळी ताईंची आहे, फक्त भाषांतर यंत्राचे आहे. पूर्वी मराठी माध्यमातील कितीतरी विद्यार्थी इंग्रजीच्या प्राध्यापकाला पैसे देऊन भाषा तपासून घेत आणि त्याची नोंद कुणी करत नसे. आज यंत्र वापरले म्हणून ते कबुलीजबाबासारखे का लिहायचे? ज्याच्याकडे पैसे होते त्याला सूट आणि जिच्याकडे फक्त मोबाईल आहे तिला जाब, हा न्याय मला पटत नाही.

कृष्णाकाठ (शुक्रवार, दुपारी १२.१५)

तुमच्या म्हणण्यातील अन्यायाचा भाग मला मान्य आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तरीही मी नोंद करावी असेच म्हणेन, कारण भाषा तपासणारा माणूस अडला की विचारतो, ‘आधण म्हणजे काय?’ यंत्र विचारत नाही. ताईंनी २.३ मध्येही तेवढे पाहून घ्यावे. आधण, काहील, ढेप या शब्दांचे भाषांतर काय झाले आहे?

गुऱ्हाळवाट (शुक्रवार, रात्री ९.५५)

पाहिले. ‘आधण’ हा शब्द, म्हणजे एका वेळी काहिलीत चढवलेला रस, सात ठिकाणी होता. पाच ठिकाणी ‘उकळते पाणी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला आहे, कारण घरातल्या स्वयंपाकात आधणाचा तोच अर्थ. एका दिवसात किती आधणे निघतात, यावर मी गुऱ्हाळाची क्षमता मोजली आहे, आणि प्रबंधात त्या जागी उकळत्या पाण्याची संख्या दिलेली आहे. मी हे तीन वेळा वाचून गेले होते. वाक्य इंग्रजीत इतके सफाईदार होते, की नजर अडखळलीच नाही.

५.१ साठी चारही वह्या पुन्हा चाळल्या. गुळव्या हंगामात सोडून गेल्याच्या नोंदी ४१ पैकी ९ गुऱ्हाळांवर आहेत. त्यांतील पावसाचा उल्लेख फक्त तिघांकडे आहे. उचलीवरून वाद झाल्याचे चौघांनी सांगितले होते. दोघांकडे कारण लिहिलेलेच नाही. म्हणजे माझा पहिला निष्कर्षच माझ्या वह्यांशी जुळत नाही.

२.४ मध्ये सहा संदर्भ होते. चार सापडले. पाचव्याचा DOI टाकला, तर मातीच्या क्षारांवरील कुठलासा भलताच लेख उघडला. सहाव्याचे नियतकालिक खरे आहे, पण त्या खंडात तो लेख नाही आणि ती पानेही नाहीत. सापडलेल्या चारांपैकी एकात माझ्या विधानाच्या उलट लिहिलेले आहे.

शाहूपुरी_पेठ (शुक्रवार, रात्री १०.३०)

ताई, साम्य आणि हे प्रकरण मी एकच समजलो होतो, क्षमा असावी. पण एक विचारतो. हे दोन खोटे संदर्भ कुणाच्याच लक्षात आलेले नाहीत. सॉफ्टवेअरने ते दाखवलेले नाहीत, सरांनी विचारलेले नाहीत. ते गुपचूप काढून टाकले तर कुणाला कळणार? तुम्ही सांगितलेत तर समितीपुढे प्रकरण जाईल, वर्ष जाईल. घरी काय सांगणार आहात?

गुऱ्हाळवाट (शुक्रवार, रात्री ११.२०)

घरी अजून काहीच सांगितलेले नाही. आईला वाटते प्रबंध सादर झाला. पण सरांनी २.४ चे नाव घेऊन विचारले आहे. त्याच विभागाबद्दल उत्तर लिहिताना हे वगळले, तर पुढे त्यांच्यासमोर बसणे मला जमणार नाही.

कृष्णाकाठ (शनिवार, सकाळी ७.००)

लिहून कळवा. उत्तर दोन पानांपेक्षा मोठे करू नका. क्षमायाचना एकदाच, २.४ खाली, आणि तीही एका वाक्यात. ओळखयंत्रांच्या चुकांबद्दलचा अभ्यास कुठेही जोडू नका, तो ३.२ साठी खरा असला तरी २.४ च्या शेजारी पळवाटेसारखा दिसेल. ३.२ साठी जुना मेल पुरेसा आहे. समितीकडे प्रकरण गेलेच, तर विभागीय समितीने ४५ दिवसांत शिफारस द्यावी असे नियमांत आहे, आणि तुमची बाजू ऐकून घेतल्याशिवाय त्यांना निर्णय करता येत नाही.

गुऱ्हाळवाट (रविवार, रात्री ८.४५)

आज मेल पाठवला. सर्वांनी इतका वेळ दिला, म्हणून त्यातील मुख्य भाग इथे मराठीत ठेवते.

“३.२: हा विभाग मी ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्रजीत लिहिला. आपण दुरुस्त करून पाठवलेली प्रत सोबत जोडली आहे. आजच्या मजकुरात नमुन्याची संख्या आणि एक तारीख एवढाच बदल आहे.

२.३: मूळ लेखन मराठीत, माझे. मराठी दस्तऐवज आवृत्ती-इतिहासासह आपल्याला पाहण्यासाठी खुला केला आहे. इंग्रजी भाषांतर आणि भाषेचे संस्करण यंत्राकडून केले. तपासताना ‘आधण’ या संज्ञेचे भाषांतर पाच ठिकाणी चुकल्याचे आढळले; ती ठिकाणे पृष्ठांकासह दिली आहेत. हा विभाग मी स्वतः इंग्रजीत पुन्हा लिहीन आणि स्थानिक संज्ञा मराठीतच ठेवीन.

५.१: नोंदी माझ्या, परिच्छेदांची रचना यंत्राची. त्या रचनेत माझ्या वह्यांत नसलेला कार्यकारणसंबंध आला आहे. नऊ गुऱ्हाळांच्या मूळ नोंदींचा तक्ता सोबत आहे. त्यानुसार निष्कर्ष बदलावा लागेल.

२.४: यातील दुसरा आणि तिसरा परिच्छेद मी चॅटबॉटकडून लिहून घेतला आणि तसे नमूद केले नाही. ही माझी चूक आहे. त्यातील दोन संदर्भ अस्तित्वात नाहीत आणि एका संदर्भाचा अर्थ उलटा दिला गेला आहे, हे मला आपल्या मेलनंतर तपासताना कळले. हा विभाग मी मागे घेते.”

मसुदा जसा होता तसाच जोडला आहे, त्यात एकही अक्षर बदललेले नाही.

आकडेमोड (रविवार, रात्री ९.३०)

ताई, मी दिलेला सल्ला तुम्ही मानला नाहीत, हे बरे झाले. तरी माझी एक शंका कायम आहे. ३.२ तुमच्याकडे जुना मेल होता म्हणून सुटला. ज्या मुलीने तोच विभाग २०२४ मध्ये स्वतः लिहिला आणि कुणाला पाठवला नाही, तिने काय दाखवायचे?

कळफलक (रविवार, रात्री १०.१०)

तिच्याकडे कच्च्या वह्या आणि तोंडी उत्तर एवढेच उरते, आणि ते ऐकून घेणारा गाईड मिळाला तर ठीक. याहून चांगले उत्तर मलाही सुचत नाही.

गुऱ्हाळवाट (सोमवार, सायंकाळी ५.५०)

सरांचे उत्तर आले. दोन ओळी आहेत: “पोहोचले. २.४ बद्दल मला विभागप्रमुखांशी बोलावे लागेल. गुरुवारी अकरा वाजता चारही वह्या घेऊन या, आधी ५.१ बसून पाहू.”

प्रकरण समितीकडे जाईल का, ते त्यांनी लिहिलेले नाही. वह्यांपैकी तिसरीचे पुठ्ठे गुळाने चिकटले आहेत, ती आत्ता सोडवते आहे. उचलीचा वाद सांगणाऱ्या चौघांपैकी दोघांचे फोन लागले. बुधवारी सकाळी पन्हाळ्याकडे जाऊन येते.